आईचं ऑपरेशन, ओंकारची पहिली नोकरी आणि 3 हजारांची खोली

ओंकार माझा मावसभाऊ. गेल्या वर्षी हिंजवडीत पहिली नोकरी लागली. ऑफर लेटरमध्ये मेडिक्लेम 5 लाख असं लिहिलेलं, ते त्याने कराडला फोन करून मावशीला वाचून दाखवलं आणि मावशीने गल्लीभर सांगितलं. तीन आठवड्यांनी मावशीची सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीत गाठी निघाल्या, पाळीचा त्रास दोन वर्षं अंगावर काढलेला, हिमोग्लोबिन 8 वर आलेलं, डॉक्टर म्हणाल्या पिशवी काढून टाकू. घाई नाही, पण महिन्या-दीड महिन्यात करून घ्या.

मला रात्री अकराला फोन. "ताई, टेन्शन नाही गं, 5 लाखांचं कव्हर आहे, फक्त कॅशलेस कसं करायचं तेवढं सांग."

मी लग्नाआधी तीन वर्षं एका टीपीएमध्ये क्लेम बघायचे. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधलं ऑफिस, कागद तपासणारं आणि मंजुरी पाठवणारं. तिथे बसून एक सवय लागली, कुणी 5 लाख म्हणलं की मी विचारते, कुणासाठी? पुढचं सगळं त्या महिन्यात आम्ही जसं केलं तसंच सांगतेय, तुमचीही पहिली नोकरी असेल आणि घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर याच क्रमाने जा.

आई पॉलिसीत आहे का, हे आधी

ओंकारला म्हणलं आईचं विम्याचं ई-कार्ड पाठव. त्याने स्वतःचं पाठवलं. म्हणलं हे तुझं आहे रे, आईचं? तर म्हणे एकच असतं ना.

नाही. ग्रुप पॉलिसीत ज्याचं नाव चढवलंय त्याचंच कव्हर. बऱ्याच कंपन्या कर्मचारी, नवरा-बायको आणि मुलं एवढ्यांचाच प्रीमियम भरतात, आई-बाबा हवे असतील तर वेगळा पर्याय असतो आणि त्याचे पैसे पगारातून कापतात. जॉइन झाल्यावर एचआरचा एक मेल येतो, त्यातल्या पोर्टलवर नावं भरायची, आणि त्याला मुदत असते, ओंकारच्या कंपनीत जॉइनिंगपासून 30 दिवस. ती गेली की पुढच्या रिन्यूअलपर्यंत आई-बाबांचं नाव घालता येत नाही. मधेच घालता येतं ते लग्न झाल्यावर बायकोचं आणि जन्म झाल्यावर बाळाचं. आईचं ऑपरेशन निघालं म्हणून खिडकी उघडत नाहीत, कारण उघड आहे, सगळेच मग ऑपरेशन निघाल्यावर नाव घालतील.

ओंकारचा तो 26 वा दिवस होता! मेल आलेला होता, त्याने न वाचता स्वतःचं नाव कन्फर्म करून सबमिट मारलेलं. एचआरला लगेच मेल टाकून फॉर्म परत उघडून घेतला. तिथे अजून दोन गोष्टी कळल्या. एक, फक्त आईला घेता येत नाही, आई-बाबा दोघांना घ्या नाहीतर कुणालाच नाही. दोन, वर्षाचे 14,400, म्हणजे महिन्याला 1,200 कापणार, आणि क्लेम घेऊन मधेच नोकरी सोडली तर उरलेले हप्ते फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून, एकदम वळते करणार. ओंकारने बाबांना फोन केला, काका म्हणाले मला काय झालंय, माझे पैसे कशाला भरतोस. भरले.

नाव भरताना आधार कार्ड समोर ठेवा हे मी मुद्दाम सांगतेय. मावशीला घरात सगळे मंगल म्हणतात, आधारवर मंगला आहे, ओंकारने मंगल टाकलं. कार्ड आलं तेव्हा मी ओरडले. एका अक्षराने क्लेम कायमचा बुडत नाही, पण हॉस्पिटलच्या काउंटरवर नाव जुळत नाही म्हणून क्वेरी निघते आणि ती नेमकी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी निघते. दुरुस्तीला चार दिवस लागले.

पीडीएफ उघडा आणि पाच शब्द शोधा

एचआरकडून पॉलिसीचा बेनिफिट मॅन्युअल मागून घ्या, 20-30 पानांची पीडीएफ असते. सगळी वाचायची नाही, कुणी वाचत नाही. लॅपटॉपवर Ctrl+F दाबा आणि हे शब्द एकेक टाकून बघा:

```
parents
pre-existing
room rent
co-pay
capping
```

`parents` वर ओंकारचा पहिला धक्का. 5 लाख त्याचे स्वतःचे, आई-बाबांचा गट वेगळा आणि तो 3 लाखांचा, तोही दोघांत मिळून. मावशीच्या ऑपरेशनला जेवढे जातील तेवढे त्या वर्षी काकांसाठी कमी.

`pre-existing` वर जरा बरं वाटलं. जुना आजार. स्वतः विकत घेतलेल्या पॉलिसीत अशा दुखण्याला आणि पिशवीच्या ऑपरेशनसारख्या ठरावीक गोष्टींना काही वर्षं थांबावं लागतं, ग्रुपमध्ये बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून सगळं चालतं, पण बहुतेक वेळा, म्हणून ती ओळ डोळ्यांनी बघायची. त्याच्या पॉलिसीत तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणूनच मी त्याला म्हणलं, दोन वर्षांपासून त्रास आहे हे कागदावर तसंच राहू दे, लपवायची काही गरज नाही आणि लपवलंस तर उलट जुन्या चिठ्ठीत सापडतं आणि मग शंका वाढते.

`capping` म्हणजे ठरावीक आजाराला ठरावीक रक्कम. त्याच्याकडे मोतीबिंदूला एका डोळ्याला 30 हजार होते, गर्भपिशवीचं नाव नव्हतं. माझ्या नणंदेच्या कंपनीत आहे, 60 हजार, वर कितीही बिल होवो. एका ओळीचा फरक आहे, पण घरच्या खिशाला 30-40 हजारांचा पडतो.

`co-pay`: आई-बाबांच्या प्रत्येक क्लेमला 20 टक्के आपण भरायचे. जे मंजूर होईल त्याच्या 20 टक्के, बिलाच्या नाही.

आणि `room rent`: सम इन्शुअर्डच्या, म्हणजे कव्हरच्या रकमेच्या, 1 टक्का रोज, नर्सिंग धरून. 3 लाखांचा 1 टक्का, 3 हजार. आयसीयू असेल तर 2 टक्के.

ओंकार म्हणाला, ठीक आहे ना, खोली 6 हजारांची घेतली तर वरचे 3 हजार रोजचे मी भरीन, तीन दिवसांचे 9 हजार, आईला सिंगल रूम हवी, तिला दुसऱ्यांसमोर कानकोंडं होतं.

इथेच लोक बुडतात. मी टीपीएत होते तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी जे आवाज चढायचे त्यातले निम्मे ह्याच एका ओळीवरून.

9 हजारांची खोली 41 हजारांना कशी पडते

हॉस्पिटलमध्ये खोलीचा वर्ग बदलला की नुसतं भाडं बदलत नाही. तेच डॉक्टर, तेच ऑपरेशन थिएटर, तीच भूल, पण सिंगल रूमच्या पेशंटला सर्जनची फी जास्त, थिएटरचं भाडं जास्त, व्हिजिट जास्त. त्यामुळे विमा कंपनी म्हणते, तू तुझ्या लायकीपेक्षा वरची खोली घेतलीस म्हणून ही सगळी बिलं फुगली, मग मी ती त्याच प्रमाणात कापणार. लायकी हा माझा शब्द नाही, कागदावर खरंच `eligible room category` असं असतं. पीडीएफमध्ये हे कलम `proportionate deduction` नावाने सापडेल.

आम्ही हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरून दोन एस्टिमेट लेखी घेतली. टीपीएच्या दराने द्या असं म्हणून मागा बरं का, रोख भरणाऱ्याचा दर आणि विम्याचा ठरलेला दर वेगळा असू शकतो.

सिंगल रूम: भाडं 5,200 आणि नर्सिंग 800, मिळून रोजचे 6 हजार, तीन दिवसांचे 18 हजार. सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट मिळून 72 हजार. औषधं, सामान, तपासण्या 30 हजार. एकूण 1 लाख 20 हजार.

आता कात्री. खोलीचे मिळणार 3 हजारांप्रमाणे 9 हजार. लिमिट निम्मी, म्हणून डॉक्टर-थिएटरच्या 72 हजारांचेही निम्मेच, 36 हजार. औषधं आणि तपासण्यांवर ही प्रमाणातली कात्री लावता येत नाही, इम्प्लांटवरही नाही, विम्याची नियामक संस्था आयआरडीएआयने 2020 मध्ये तसं स्पष्ट केलंय, आयसीयूच्या भाड्यालाही नाही, आणि जे हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलतच नाही तिथेही नाही. पण त्या 30 हजारांत ग्लोव्हज, मास्क, ॲडमिशन किट असलं काहीबाही 5 हजारांचं असतं ते बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, ओंकारचीही नाही, उरले 25 हजार. बेरीज 70 हजार. त्यातून 20 टक्के को-पे 14 हजार गेले. विमा देणार 56 हजार, ओंकारच्या खिशातून 64 हजार.

ट्विन शेअरिंग: भाडं 2,500, नर्सिंग 500, बरोब्बर 3 हजार. तीन दिवसांचे 9 हजार. डॉक्टर-थिएटर 54 हजार. औषधं तीच 30 हजार. एकूण 93 हजार. कात्री नाहीच. 5 हजार न मिळणारे वजा, 88 हजार मंजूर, को-पे 17,600, विमा देणार 70,400, खिशातून 22,600.

ओंकारने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि वही उलटी करून ठेवली. 64,000 वजा 22,600, म्हणजे 41 हजार 400 जास्तीचे. त्याचा हातात येणारा पगार 34 हजार.

त्या 500 कडेही बघा. बोर्डवर ट्विन 2,500 लिहिलेलं असतं, आपण खूश, पण पॉलिसीत नर्सिंग धरून असेल तर ते 500 त्यातच जातात. बोर्डवर 2,800 असते तर आपण हसत हसत लिमिटच्या बाहेर गेलो असतो आणि कात्री तिथेही लागली असती, थोडी लागली असती पण लागली असती.

आणि कधीकधी ॲडमिशनच्या दिवशी सांगतात, ट्विन फुल आहे, सिंगल घ्या, उद्या बदलून देतो. आम्हालाही सांगितलं. अशा वेळी डेस्कवरून कागदावर लिहून घ्या की खोली नाही म्हणून वरची देतोय, बिल ट्विनच्या दराने होईल. दुपारी दोनपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो, मावशी उपाशी नव्हती म्हणून जमलं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. अडीचला ट्विन रिकामी झाली.

डॉक्टरांनी रोबोटिकचा पर्याय सुचवला तर पीडीएफमध्ये `robotic` पण शोधा, बऱ्याच पॉलिसींत त्याला वेगळी मर्यादा असते. मावशीची साधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया होती.

मंजुरीचे कागद

ठरवून करायच्या ऑपरेशनला प्री-ऑथ, म्हणजे आधीची मंजुरी, तीन-चार दिवस आधी टाका. फॉर्म हॉस्पिटलच्या डेस्कवर मिळतो, अर्धा आपण भरायचा, अर्धा डॉक्टर. सोबत मावशीचं ई-कार्ड आणि आधार, ओंकारचं कंपनीचं आयडी, सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि डॉक्टरांची चिठ्ठी ज्यात निदान, काय ऑपरेशन आणि किती दिवस राहणार हे लिहिलंय. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवलं तीही चिठ्ठी आधीच लावा, कारण ठरलेली क्वेरी तीच येते, त्रास कधीपासून, पहिलं कन्सल्टेशन कुठे. कराडच्या डॉक्टरांची ती चिठ्ठी मावशीने डाळीच्या डब्यात ठेवलेली, काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला त्यात चिठ्ठीपेक्षा त्यांचा अंगठा जास्त. परत काढायला लावला.

2024 पासून आयआरडीएआयचा नियम आहे की विमा कंपनीने कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा. पण तो तास विनंती त्यांच्याकडे पोहोचल्यापासून. डेस्कवरच्या मुलाने फाइल संध्याकाळी अपलोड केली तर तुमची सकाळ त्यात मोजत नाहीत. म्हणून "टाकलं का" असं विचारू नका, "क्लेम नंबर द्या" म्हणा, नंबर आला म्हणजे गेलं.

मंजुरी आली 60 हजारांची. ओंकार घाबरला, 70 हजार यायला हवे होते ना. ही पहिली मंजुरी असते, हॉस्पिटलने सुरुवात करावी म्हणून, बहुतेक वेळा थोडी हात राखूनच देतात, शेवटचा आकडा शेवटच्या बिलावर ठरतो. हॉस्पिटलने वर 25 हजार डिपॉझिट मागितलं, भरलं, पावती जपून ठेवली.

डिस्चार्जची दुपार

डॉक्टर सकाळी नऊला म्हणाल्या, घरी जा. निघालो संध्याकाळी सहाला. तोच 2024 चा नियम सांगतो की डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत आली पाहिजे आणि विमा कंपनीच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचं काही लावलं तर ते कंपनीने भरायचं. पण खरा वेळ जातो त्याच्या आधी, वॉर्डातून न वापरलेली औषधं फार्मसीला परत जातात, ती वजा होतात, मग फायनल बिल बनतं, मग डिस्चार्ज समरी टाइप होते, मग डॉक्टरची सही, आणि हे सगळं झाल्यावर फाइल जाते. आमचे पहिले पाच तास वॉर्ड ते बिलिंग यातच गेले. आदल्या रात्रीच सिस्टरला सांगून औषधं परत पाठवता येतात आणि समरीचा मसुदा बनवून घेता येतो, हे मला माहीत असूनही मी विसरले, मावशीने ऐकवलं.

फायनल बिल आलं 96,200. डॉक्टर-थिएटर आणि खोली एस्टिमेटप्रमाणेच, औषधं-तपासण्या 33,200 झालेल्या. न मिळणारे 5,900. मंजूर 90,300, त्यातून को-पे 18,060, विमा कंपनीने दिले 72,240. आपल्याला भरायचे 23,960, डिपॉझिट 25 हजार होतं, 1,040 परत मिळाले. सही करण्याआधी कपातीचा कागद मागा आणि ओळीओळीने बघा. आमच्याकडे दोन दिवसांच्या ड्रेसिंगचं सामान दोनदा लागलेलं, ते काढून मगच हे बिल झालं. आणि औषधांवर कुठे प्रमाणातली कात्री दिसली तर तिथेच बोट ठेवा.

पाकीट अजून बंद करू नका

ओंकारच्या पॉलिसीत ॲडमिशनच्या आधीचे 30 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 60 दिवस याच आजारावरचा खर्चही असतो, तो कॅशलेस नाही, आपण भरून नंतर मागायचा. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, डॉक्टरांची फी, काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट, लोहाच्या गोळ्या. प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि बिल मावशीच्या नावावर लागतं. ओंकारने 6,350 ची बिलं गोळा केली, त्यात 900 ची औषधं मेडिकलवाल्याने नुसत्या नावाशिवायच्या पावतीवर दिलेली, ती गेली. 5,450 वर पुन्हा 20 टक्के को-पे, खात्यात 4,360 आले.

बायोप्सीत काही वाईट निघालं नाही. ट्विनमधल्या शेजारच्या बाई बारामतीच्या होत्या, त्यांचंही तेच ऑपरेशन, मावशी आणि त्या दोघी रात्री बारापर्यंत कुजबुजत बसायच्या, सिस्टर दोनदा रागावली. सिंगल रूम हवी म्हणणारा ओंकार खाली कॅन्टीनमध्ये झोपायचा.

आता मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखांना गोल केलाय. एक 60 दिवस संपायची, लोहाच्या गोळ्यांचं शेवटचं बिल त्याआधीचं हवं. दुसरी पॉलिसी रिन्यूअलची, कारण काकांना परवा जिना चढताना दम लागला, आणि त्या 3 लाखांतले आता 2 लाख 23 हजार 400 उरलेत.